ध्वनियंत्रणेतील ‘हमिंग’ : अर्थिंगचे वर्तुळ आणि ते तोडण्याचे मार्ग

अँप्लिफायर एकटा चालू असताना शांत असतो. लॅपटॉपही एकटा शांत असतो. परंतु दोघांना एका वायरने जोडले की लाऊडस्पीकरमधून ‘घूं’ असा अखंड, खालच्या पट्टीतील आवाज सुरू होतो. भाषण वा गाणे चालू असता तो लपून राहतो, श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांच्या मौनात मात्र सारे सभागृह व्यापून टाकतो. ध्वनियंत्रणा चालविणारे यास ‘हमिंग’ म्हणतात. पुष्कळदा यंत्र बिघडले असे समजून ते दुरुस्तीला नेले जाते आणि दुकानातील टेबलावर ते निर्दोष ठरते. याचे कारण असे की, हा दोष दोहोंपैकी एकाही यंत्रात नसतो. तो त्यांच्या जोडणीत असतो.

साध्या ऑडिओ वायरमध्ये मधोमध एक तार असते आणि तिच्याभोवती तांब्याची विणलेली जाळी असते. ध्वनीचा संकेत मधल्या तारेने जातो व जाळीतून परत येतो. ही जाळी दोन्ही टोकांना यंत्रांच्या धातूच्या सांगाड्यांशी जोडलेली असते, आणि तीन पिनांच्या प्लगमुळे ते सांगाडे इमारतीच्या अर्थिंगशीही जोडलेले असतात. म्हणजे दोन यंत्रांची अर्थिंगे दोन ठिकाणी भेटतात : एकदा भिंतीतील वायरिंगमध्ये आणि दुसऱ्यांदा ऑडिओ वायरच्या जाळीत. अशा रीतीने एक बंद वर्तुळ तयार होते. यासच इंग्रजी नावाने ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

या वर्तुळात प्रवाह कोठून येतो? एक तर प्रत्येक विद्युत उपकरणातून थोडासा प्रवाह अर्थिंगमध्ये सतत झिरपत असतो. त्यामुळे रंगमंचावरील सॉकेटचे अर्थिंग आणि दूरच्या खोलीतील सॉकेटचे अर्थिंग यांच्यांत काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. दुसरे असे की, आसपासच्या वीजवाहक तारांचे बदलते चुंबकीय क्षेत्र या विस्तीर्ण वर्तुळातून आरपार जाते आणि त्यात प्रवाह उत्पन्न करते. फॅरडेने 1831 साली दाखवून दिलेला नियम तो हाच. आपल्याकडील वीज सेकंदास 50 वेळा आवर्तते, म्हणून तो प्रवाहही 50 हर्ट्झचा असतो. त्याची दुप्पट-तिप्पट आवर्तनेही सोबत येतात. लहान लाऊडस्पीकरमधून बहुधा तीच ऐकू येतात.

आता आकड्यांत पाहू. वीस मीटर लांबीच्या वायरच्या जाळीचा रोध अर्धा ओहम धरला आणि तीतून 6 मिलिअँपिअर प्रवाह वाहिला, तर जाळीच्या दोन टोकांत 3 मिलिव्होल्टचा फरक पडेल. लॅपटॉपकडून येणारा संकेत साधारण 300 मिलिव्होल्ट असतो. अँप्लिफायर मधली तार आणि जाळी यांतील फरक मोजतो. त्यास हे 3 मिलिव्होल्ट उपरे आहेत हे कळण्याचा मार्ग नाही. मूळ आवाजाच्या शंभराव्या हिश्शाएवढी ही घरघर तो प्रामाणिकपणे मोठी करून ऐकवितो. शांत सभागृहात शंभरावा हिस्सा पुष्कळ झाला!

आमच्या पाहण्यातील एका सभागृहाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. मिक्सर व अँप्लिफायर मागच्या खोलीत, लॅपटॉप रंगमंचावर, प्रोजेक्टर छताला, आणि लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंत वीस मीटरची वायर, अशी तेथील मांडणी होती. प्रथम मिक्सरवरील लॅपटॉपच्या चॅनलचा आवाज शून्यावर आणला. घरघर थांबली. ती तशीच राहिली असती, तर दोष अँप्लिफायरच्या स्वतःच्या वीजपुरवठ्यात शोधावा लागला असता. मग वायर व तिचे प्लग हाताने दाबून, हलवून पाहिले. आवाजात फरक पडला नाही, म्हणजे जाळी तुटलेली नव्हती. त्यानंतर लॅपटॉपचा अडॅप्टर काढून तो बॅटरीवर चालविला. तरीही घरघर कायम! येथे पुष्कळजण ‘म्हणजे हा अर्थिंगचा प्रश्न नाही’ असा निष्कर्ष काढतात आणि चुकीच्या वाटेला लागतात. त्या अडॅप्टरला दोनच पिना होत्या. अर्थिंगशी त्याचा संबंधच नव्हता. खरा संबंध प्रोजेक्टरचा होता. एचडीएमआय केबलचीही जाळी असते, आणि तीन पिनांच्या प्रोजेक्टरचे अर्थिंग तीमार्फत लॅपटॉपच्या सांगाड्यापर्यंत पोहोचत होते. ती केबल उपसताच सभागृह शांत झाले. पुन्हा खोचताच घरघर परतली. वर्तुळ कोठे बंद होते ते त्या एका कृतीने कळले.

उपायांकडे वळण्यापूर्वी एका घातक उपायाविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. अँप्लिफायरच्या प्लगची मोठी पिन तोडली, किंवा त्यास दोन पिनांचा जोड लावला, की घरघर थांबते. म्हणूनच ही युक्ती सर्रास केली जाते. परंतु मायक्रोफोनचा धातूचा देह वायरच्या जाळीमार्फत अँप्लिफायरच्या सांगाड्याशी जोडलेला असतो. आत एखादी तार सुटून सांगाड्याला टेकली, तर अर्थिंगअभावी फ्यूज उडत नाही आणि 230 व्होल्टचा दाब माईक धरलेल्या मुलाच्या हातापर्यंत पोहोचू शकतो. लॅपटॉपची वायर जोडलेली असेल तर तो प्रवाह तिच्या बारीक जाळीतून वाट काढतो व ती जाळू शकतो. वर्तुळ तोडावयाचे ते संकेताच्या वायरमध्ये. विजेच्या प्लगमध्ये कदापि नव्हे. आपल्या यंत्रणेत अशी तोडलेली पिन आढळली, तर तो प्लग त्याच दिवशी बदलावा.

पहिला निर्धोक उपाय बिनखर्चाचा आहे. सर्व यंत्रांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी. मग अर्थिंगे एका ठिकाणी भेटतात, त्यांच्यातील फरक जवळजवळ नाहीसा होतो. भार अधिक होईल ही शंका हिशेबाने मिटते : लॅपटॉप 65 वॅट, प्रोजेक्टर 300 आणि अँप्लिफायर 250 धरला, तर एकूण 615 वॅट, म्हणजे 230 व्होल्टवर पावणेतीन अँपिअरहून कमीच. सहा अँपिअरच्या सॉकेटला हा भार जड नाही. एक्स्टेन्शन मात्र तीन तारांचे, अर्थिंग शाबूत असलेले हवे.

वरील सभागृहात प्रोजेक्टरचा पॉइंट छतात कायमचा बसविलेला होता, म्हणून हा उपाय शक्य नव्हता. तेथे ऑडिओ वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसविला. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात तो ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ या नावाने मागितला की मिळतो. त्यात तारेची दोन वेटोळी एकमेकांशेजारी असतात, पण जोडलेली नसतात. ध्वनी चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो; जाळीचा मार्ग तुटतो. तो मिक्सरच्या बाजूस, आखूड वायरने जोडावा. लहान गाभ्याच्या स्वस्त नगात ढोलकी-तबल्याचे खर्जातील बोल पातळ होतात आणि आवाज फार चढविला तर फाटतात. अशा वेळी लॅपटॉपचा आवाज थोडा उतरवून मिक्सरवर चढवावा.

मिक्सरला तीन पिनांचे माईक इनपुट असेल, तर ट्रान्सफॉर्मर असलेला ‘डीआय बॉक्स’ अधिक चांगला. तो लॅपटॉपजवळ ठेवून पुढे माईकची केबल न्यावी. तिच्यात संकेतासाठी दोन तारा असतात. मिक्सर त्या दोहोंतील फरक घेतो, त्यामुळे जाळीतील प्रवाहाचा उपद्रव संकेताला फारसा होत नाही. त्यावरील ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचे बटण केवळ या केबलची जाळी सोडविते. विजेचे अर्थिंग शाबूत राहते. बॅटरीवरील ब्लूटूथ रिसीव्हरनेही वर्तुळ तुटते, परंतु आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गाण्याला ते चालते. चित्रपट दाखविताना मात्र ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.