विहिरींचा खारटपणा : प्रस्तावात किती मागावे?

प्रश्न : रत्नागिरीतील आमच्या रसायनशास्त्र विभागाला भाट्ये खाडीलगतच्या बारा विहिरींतील क्लोराइड तपासायचे आहे. निधी आणि शिक्षकांचा वेळ किती मागावा?

उत्तर : आधी नमुने मोजा. फेब्रुवारी ते मे, दर पंधरवड्याला एक अशा आठ फेऱ्या. प्रत्येक नमुना दोनदा, म्हणजे 192 अनुमापने. महागडे ते सिल्व्हर नायट्रेटच. लिटरला 250 मिलिग्रॅम क्लोराइड असेल, तर 50 मिलिलिटर नमुन्याला 0.0141 नॉर्मल द्रावण साधारण 25 मिलिलिटर लागते. एकूण साडेअकरा ग्रॅम. 25 ग्रॅमची बाटली पुरते. फार खारट नमुना मात्र पातळ करूनच घ्या.

खरी ओढाताण वेळेची. एका फेरीत 24 अनुमापने, प्रत्येकी दहा मिनिटे, म्हणजे चार तास. ‘सोयीनुसार’ असे लिहिलेत, तर परीक्षांच्या दिवसांत फेऱ्या बुडतात, आणि नेमके मे महिन्याचे आकडे हातचे जातात. पंधरवड्यातली एक दुपार वेळापत्रकातच मागा.