डॉलरचा पगार, इथला हिशेब

प्रश्न : मुलाला अमेरिकेत वर्षाला 60,000 डॉलर पगार मिळतोय. म्हणजे इथले पन्नासेक लाखच ना?

उत्तर : तिथेच खर्च करणार असेल, तर नाही. बाजारात डॉलर 80 रुपयांच्या वर आहे. पण अमेरिकेत डॉलरभर पैशांत जे मिळतं, ते भारतात सरासरी 20-22 रुपयांत मिळतं. देशोदेशीच्या सारख्याच वस्तू-सेवांचे भाव गोळा करून जागतिक बँक हा क्रयशक्ती समतेचा दर काढते. त्या हिशेबाने हा पगार इथल्या 12-13 लाखांसारखा. फरक पडतो तो मुख्यतः घरभाडं, केशकर्तन, घरकाम अशा सेवांमुळे. मोबाइल इथेही स्वस्त नाही. मात्र शिल्लक टाकून तो घरी पाठवेल, त्या डॉलरला बाजारभावच मिळेल. म्हणून आधी त्या शहरातलं घरभाडं विचारा.