त्या ‘अचानक’चं काय करायचं?

अगं, तुझी रहस्यकथा वाचली. वाडा छान उभा केलायस, पण तो ‘अचानक’ आवर बाई! घाबरवायची वेळ आली की तो हजर. ‘अचानक दार उघडलं’ असं लिहिलंस की दार उघडायच्या आधीच वाचक सावरून बसतो. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे दचकवायची जागा आयती शेवटी मिळते. तू ती पहिल्याच शब्दात उधळतेस.

बरं, त्याच्या जागी दुसरा कुठलाही शब्द ठोकून चालत नाही. ‘तेवढ्यात’ घे. त्याला आधी काहीतरी चालू असलेलं लागतं. ‘मीराने आधणात साखर टाकली, चहाचा डबा उघडला, तेवढ्यात कडी वाजली.’ आधीची कामं जितकी रोजची, तितका हा शब्द जोरात कापतो. तुझी मीरा नुसती खिडकीशी उभी असेल, तर तो कापणार काय?

‘एकाएकी’ जरा सावकाश चालतो. तो धक्क्यापेक्षा बदलाला शोभतो: ‘मागच्या अंगणातले रातकिडे एकाएकी थांबले.’ काहीतरी बिनसलंय हे वाचकाला कळायला क्षणभर वेळ लागतो, म्हणून पुढचं वाक्य घाईचं नको. मीराला नुसतं कान देऊन ऐकू दे.

‘खाडकन’, ‘धाडकन’ क्रियापदाला चिकटून बसव. ‘दार खाडकन उघडलं’ यात वेगही आला नि आवाजही. तू ‘अचानक खाडकन’ लिहिलंयस, ते दोनदा झालं. आणि असे शब्द एकाच प्रसंगात दोन-तीन आले की भीती जाऊन तमाशा होतो हं.

‘ध्यानीमनी नसताना’ लांबलचक आहे, शिवाय तसं म्हणणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक असतं. तुझ्या गोष्टीतल्या काकांचं पत्र आल्याचं मागाहून सांगायला उत्तम. जिन्यावर पाऊल वाजत असताना मात्र नको, सगळा ताण सैल पडतो. ‘अकस्मात’ तुझ्या हवालदाराला देऊन टाक, पोलिसांच्या कागदात ‘अकस्मात मृत्यू’ असतोच.

आणि दाराच्या त्या प्रसंगात, खरं सांगू, यातलं काहीच नको. आधी मीराला स्वतःच्या हाताने कडी लावू दे. मग चहा गाळू दे, गाळणी धुऊ दे. त्यानंतर एवढंच लिही: ‘ती वळली. दार उघडं होतं.’ दार उघडताना तिने पाहिलंच नाही, म्हणून तिथे वेगाचा शब्द बसतच नाही. फक्त कडी लावल्याचं वाक्य फार आधी नको, वाचक विसरेल, आणि अगदी लगेचही नको, त्याला डाव कळेल. मधे तीन-चार वाक्यं पुरेत.

आता पेन्सिल घे आणि सगळ्या ‘अचानक’वर खूण करून ठेव. काकूच्या तोंडचा ‘अचानक गेले गं ते’ तेवढा राहू दे, माणसं तसंच बोलतात.