आखडलेला खांदा : दुखतो तो हात हलवायचा की नाही?

वस्तीत आरोग्याच्या कामासाठी फिरताना एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते, "ताई, हात वर जात नाही, ब्लाऊजचा हूक लावता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही." बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीच्या असतात, आणि बऱ्याच जणींना साखर असते. यालाच आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर म्हणतात. भाईंदर पश्चिमेच्या राई भागात रुग्ण तपासणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंशी या महिन्यात याच विषयावर बोलले. त्यांनी एका भगिनीची हकिकत सुरुवातीपासून सांगितली. त्या भगिनीच्या संमतीने, नाव न देता, ती इथे देत आहे.

प्रश्न : ही भगिनी तुमच्याकडे आली तेव्हा काय परिस्थिती होती?

वय ५१. चार घरी पोळ्या करायचं काम. सहा वर्षांपासून मधुमेह. उजवा खांदा चार महिन्यांपासून दुखत होता. एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. तेव्हापासून घरचे म्हणायचे, "फोटोत काही नाही, म्हणजे तुला काही नाही." ती माझ्यासमोर बसली तीच मुळी हात पोटाशी धरून. मी हात लावायच्या आधीच म्हणाली, "ओढू नका हां मॅडम."

मग मी हात लावलाच नाही. आधी विचारलं, कशाची भीती वाटते? ती म्हणाली, "आत शीर तुटली असेल. हलवला तर पूर्ण निकामी होईल. मग पोळ्या कोण लाटणार?" हे कळलं नसतं तर मी दिलेला एकही व्यायाम तिने केला नसता. तिच्या मते मी तिला हात तोडायलाच सांगत होते.

प्रश्न : मग तपासणी कशी केली?

आधी चांगला हात. डावा हात समोरून वर नेऊन दाखवायला सांगितलं, म्हणजे काय करायचं ते तिला कळलं आणि धीर आला. डावा १६५ अंशांपर्यंत गेला, म्हणजे जवळजवळ कानापर्यंत. उजवा ९५ वर थांबला, खांद्याच्या रेषेच्या जरा वर.

नंतर महत्त्वाची तपासणी. कोपर कमरेशी चिकटवायचं, काटकोनात वाकवायचं आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायचा, दार उघडल्यासारखा. डावा ६० अंश फिरला, उजवा जेमतेम १५. मग तिला हात सैल सोडायला सांगून मी स्वतः तो हळूच फिरवला. तरीही १५ वरच अडला. खरा उलगडा इथे होतो. शीर किंवा स्नायू तुटलेला असेल तर रुग्णाला स्वतःला हात नेता येत नाही, पण दुसऱ्याने धरून नेला तर तो बराच जातो. इथे तिने नेला काय आणि मी नेला काय, एकाच जागी अडत होता. म्हणजे सांध्याभोवतीचं आवरणच आटलं होतं.

हे तिला मी असं सांगितलं, "नवीन ब्लाऊज पहिल्या धुण्यात आटला की काखेत कसा ओढतो? कापड फाटलेलं नसतं, आटलेलं असतं. तुमच्या खांद्याच्या आतलं अस्तर तसं झालंय. ते एक्स-रेत दिसत नाही, कारण एक्स-रेत हाडं दिसतात." ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "म्हणजे फाटलं नाही ना?"

प्रश्न : दुसरं काही नाही, हे कसं ठरवता?

काही प्रश्न विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. पडल्यानंतर हात उचलता येईना असं झालं का? ताप, खांद्यावर लाली, गरमपणा आहे का? विनाकारण वजन उतरलं का? मानेपासून बोटांपर्यंत मुंग्या येतात का? यातल्या कशालाही 'हो' म्हटलं तर आधी डॉक्टर. आणि चालताना, जिना चढताना खांदा किंवा हात दुखतो, छाती दाबल्यासारखी होते, घाम फुटतो, असं असेल तर तो खांद्याचा आजार समजू नये. तडक दवाखाना गाठावा, ते हृदयाचं दुखणं असू शकतं.

प्रश्न : मधुमेहाचा आणि खांद्याचा संबंध काय?

साखर बराच काळ वाढलेली राहिली की आवरणातले तंतू कडक होतात, लवचिकपणा जातो. म्हणून मधुमेह असणाऱ्यांना हा आजार इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतो, आणि बरा व्हायला वेळही जास्त घेतो. खांदा आखडला आणि साखर कधी तपासलीच नसेल, तर तपासून घ्यावी. थायरॉइडचंही तसंच. वेदना फार असेल तर डॉक्टर सांध्यात इंजेक्शन देतात. त्याने आराम पडतो, पण काही दिवस साखर वाढते. म्हणून साखर आहे हे आधी सांगावं.

प्रश्न : व्यायाम कोणते दिले?

इथे माझी जुनी चूक सांगते. पूर्वी मी पहिल्याच दिवशी आठ व्यायामांचा छापील कागद द्यायचे. बाई मान डोलवायची, "हो मॅडम," आणि परत यायची नाही. मी म्हणायचे, यांना बरंच व्हायचं नाही. खरं म्हणजे कागद चुकीचा होता. आता पहिल्या दिवशी तीनच देते.

पहिला, लंबक. डावा हात ओट्यावर टेकवून पुढे वाकायचं आणि उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल लोंबू द्यायचा. अंग हलवायचं, म्हणजे हात आपोआप झुलतो. पुढे-मागे १० वेळा, आडवा १० वेळा. ही पद्धत बोस्टनचे डॉक्टर कॉडमन यांची आहे. 'फ्रोझन शोल्डर' हे नावही त्यांनीच १९३४ मध्ये दिलं.

दुसरा, सरकवणं. घरात टेबल नव्हतं, पलंग होता. पलंगासमोर स्टुलावर बसायचं, तळव्याखाली फडकं ठेवायचं आणि कमरेतून वाकत हात पुढे सरकवायचा. ५ सेकंद थांबून परत. १० वेळा.

तिसरा, काठीचा. उताणं झोपून कोपराखाली चादरीची घडी घ्यायची, दोन्ही हातांत लाटणं आडवं धरायचं आणि चांगल्या हाताने दुखरा पंजा बाहेरच्या बाजूला हळू ढकलायचा. १० वेळा.

दिवसातून दोनदा, एका वेळी दहा मिनिटं. वेळ आम्ही दोघींनी मिळून ठरवली, सकाळी पाण्याची भांडी भरून झाल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी. मग मी म्हटलं, "आता मला शिकवा." तिने करून दाखवलं तेव्हा कळलं, लंबकात ती हात स्नायूंनी जोर लावून हलवत होती. नुसतं "समजलं का?" विचारलं असतं तर "हो" म्हणाली असती.

प्रश्न : दुखलं तर थांबायचं का?

शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखलं तर चालतं. तासाभरात ते आधीइतकं खाली आलं पाहिजे आणि रात्रीची झोप मोडता कामा नये. झोप मोडली तर व्यायाम बंद करायचा नाही, दुसऱ्या दिवशी निम्मा करायचा. तिच्या भीतीला उत्तर मिळालं ते या मोजमापामुळे. किती दुखेल आणि कधी थांबेल हे आधी माहीत असलं की दुखण्याचा धसका कमी होतो.

शेक घ्यायचा तर व्यायामाआधी दहा मिनिटं. पण मधुमेहात कातडीला चटका कळेलच असं नाही, म्हणून पिशवी टॉवेलात गुंडाळून घ्यावी आणि मध्येच कातडी पाहावी. रात्री उताणं झोपून कोपराखाली उशी घेतली की ठणका कमी होतो.

प्रश्न : घरच्यांचा विरोध होता का?

सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर हात हलवतेच की, आणखी व्यायाम कसला?" प्रश्न योग्यच होता. मी त्यांनाच बोलावून पोळी लाटायची नक्कल करायला सांगितली. हात हलतो, पण छातीच्या खालीच. आवरण जिथे आटलंय त्या टोकापर्यंत तो जातच नाही. कामाने हात थकतो, पण खांदा मोकळा होत नाही. तेव्हापासून सासूबाईच आठवण करून देऊ लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात मात्र कोणीतरी जोरात मालिश करून हात झटक्याने वर ओढला. चार रात्री झोप नाही. ती तोंड लपवत आली. मी रागावले नाही. रागावले असते तर पुढच्या वेळी तिने लपवलं असतं. पुन्हा फक्त लंबकावर आलो, आठ दिवसांनी बाकीचे सुरू केले. या आजारात पहिले काही महिने ठणक्याचे असतात. तेव्हा जबरदस्ती केली की दुखणं वाढतं. ठणका ओसरल्यावरच ताण वाढवायचा.

प्रश्न : आता कशी आहे?

सहा आठवड्यांनी पंजा १५ चा २५ अंश फिरू लागला, हात ११५ पर्यंत वर गेला. आकडे तिला फार सांगत नव्हते. भिंतीवर बोटं चढवत जिथे पोहोचतील तिथे पेन्सिलने खूण करायची, ती खूण तिला पुरेशी होती. चौथ्या महिन्यात पाठीमागे टॉवेल धरून ओढायचा व्यायाम दिला. आठव्या महिन्यात तिने स्वतःचा हूक स्वतः लावला. वरच्या फळीवरचा डबा अजून डाव्या हातानेच काढते. पूर्ण मोकळं व्हायला या आजाराला वर्ष ते तीन वर्षंही लागतात, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. "पंधरा दिवसांत बरं करते" म्हटलं असतं तर सोळाव्या दिवशी तिने सोडलं असतं.

घरी करून पाहा

दोन्ही कोपरं कमरेशी धरून दोन्ही पंजे एकाच वेळी बाहेर फिरवा. एक बाजू स्पष्ट कमी फिरत असेल आणि खांदा महिनाभर दुखत असेल तर तपासून घ्या, साखरही तपासा. हात गळ्यात बांधून ठेवू नका आणि कोणाला ओढूही देऊ नका. फिजिओथेरपिस्टकडे जाताना महाराष्ट्र राज्य ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आणि काही समजलं नाही तर मान डोलवू नका, "पुन्हा दाखवा" म्हणा.