साहेबांना ओरडू देऊ नकोस

अगं, तुझी गोष्ट वाचली. राणीसावरगावची मुलगी गंगाखेडच्या पतसंस्थेत नवीन लागते आणि तिचं नि मॅनेजरचं सगळं नुसत्या मेलमधून कळतं, हे मला फार आवडलं. पण तिसऱ्याच मेलमध्ये साहेब "अक्कल आहे का?" असं लिहितात आणि तिथेच गोष्ट बसते. त्याच्यावर चढायला आता जागाच नाही. शिवाय असं माणूस केबिनमध्ये बोलतो, लेखी देत नाही. लेखी गोष्ट उद्या आपल्यावरच उलटेल, हे साहेबांना पक्कं ठाऊक असतं.

आपल्या ऑफिसांत राग मान देत देत चढतो, बघ. पहिल्या मेलमध्ये "वसुलीचा तक्ता रोज सातपर्यंत पाठवत जा, अडलं तर विचार" असू दे. दुसऱ्यात "तक्ता 6.40 ला आला. सहाला हवा होता." एवढंच, वर नाव नाही की खाली सही नाही. तिसऱ्यात "तू"चं "आपण" होईल. चौथ्यात "आपण"ही जाईल: "तक्ता वेळेत सादर होत नसल्याचे निदर्शनास आले आहे. दोन दिवसांत लेखी खुलासा करावा." प्रत मुख्य कार्यालयाला. एकही वाईट शब्द नाही, तरी वाचताना पोटात गोळा येतो.

मुलीचा सूर उलट्या दिशेने ने. दुसऱ्या मेलला ती घाबरून भलं मोठं उत्तर देते: नेट गेलं होतं, एसटी चुकली, सॉरी सर, पुन्हा होणार नाही. सातची वेळ त्यांनीच दिली होती, हे तिला सुचतच नाही. वाचकाला मात्र आठवतं, आणि तोच ताण. पुढे तिची उत्तरं आखूड होत जाऊ देत. खुलाशात फक्त दोन ओळी: "आपल्या पहिल्या मेलमध्ये सातची वेळ दिली आहे. तो मेल सोबत जोडला आहे." प्रत त्याच मुख्य कार्यालयाला.

रिचर्डसनची 'पामेला' 1740 ची. पंधरा वर्षांची मोलकरीण मालकाचा जाच आईवडिलांना पत्रांतून कळवते. तिथे बहुतेक सगळं तिच्याच हातचं, म्हणून मालक आपल्याला तिच्या डोळ्यांनी दिसतो. तुझ्याकडे दोन्ही बाजू लिहितात, तेव्हा साहेबांचीही बाजू दिसायला हवी. ती त्यांच्या तोंडी घालू नकोस. एकदा घाईत ते वरून आलेला मेल तसाच पुढे ढकलतात आणि खाली जुनी साखळी राहून जाते: "तुमच्या शाखेचा आकडा आजही साडेसहाला नाही. कारण कळवा." वेळ रात्री 11.20. मुलगी खाली सरकवून वाचते की नाही, ते सांगू नकोस. तिच्या पुढच्या मेलमध्ये "सर" परत आलं, तर कळेलच.

राजीनाम्याचा मेल काढून टाक. चौथा नव्याने लिहून आधी मला पाठव.

तुझी ताई