श्रुतलेखन बरोबर, फळ्यावरचं चूक

अगं, बाईंची चिठ्ठी आली म्हणून एवढी घाबरू नकोस. फोनवर वाचून दाखवलीस तेव्हा तुझा जीव 'डोळे व कान तपासून घ्यावेत' या शेवटच्या ओळीत अडकला होता. मला आधीच्या ओळी जास्त मोलाच्या वाटल्या. फळ्यावरून उतरवताना घ चा ध होतो, म चा भ होतो, पोर डोळे बारीक करते, शेजारणीच्या वहीत डोकावते. पण श्रुतलेखन बरोबर असतं. म्हणजे कानावर पडलेलं नीट उतरतंय, गडबड लांबचं बघण्यात आहे. ऐकण्याचा त्रास असता तर श्रुतलेखनच आधी चुकलं असतं, मागून मारलेली हाक तिला कळली नसती. कानही एकदा दाखव, पण घाई डोळ्यांची कर.

"मोबाईल तर नीट बघते की," असं तू म्हणालीस. बघणारच. समज, तिचा नंबर उणे दोन आहे. तिला साधारण अर्ध्या मीटरपर्यंतचं स्वच्छ दिसतं आणि पुढचं पुसट होत जातं. वही, मोबाईल त्या अर्ध्या मीटरच्या आत येतात, फळा बाहेर राहतो. डोळे बारीक केले की प्रकाश फटीतून आत जातो, पुसटपणा थोडा कमी होतो. ती नखरे करत नाही गं, तिनं तिच्यापुरता उपाय शोधलाय.

उद्या तिला अणदूरच्या स्टँडवर घेऊन जा. हैदराबाद रस्त्यावरून एसटी येते ना, तिची पाटी वाचायला सांग. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एकेक डोळा झाकून. झाकायचा तो तळहातानं, बोटांनी नाही; पोरं फटीतून बघतात. दोन डोळ्यांत फरक असेल तर चांगला डोळा सगळं सांभाळून घेतो, कुणालाच पत्ता लागत नाही. तसं राहिलं तर मेंदू पुसट डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, त्याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, हे उपाय सगळ्यात छान लागू पडतात. पुढेही फायदा होतो, पण कष्ट जास्त. म्हणून नुसतं पहिल्या बाकावर बसवून गप्प बसू नकोस.

पाटी वाचली तरी तपासणी चुकवायची नाही. आणि एक अगदी लक्षात ठेव, पहिला नंबर चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर काढू नकोस. लहान पोरांच्या डोळ्यातला स्नायू फार ताकदीचा असतो. मशीनमध्ये बघताना तो आवळला जातो आणि नसलेला उणे नंबर येतो, किंवा असलेला वाढून येतो. तो स्नायू सैल करायला आधी थेंब टाकतात, मग नंबर काढतात. तुळजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर सोलापूरला नेत्रतज्ज्ञाकडे गेलीस की सरळ विचार, "थेंब टाकून नंबर काढणार ना?" काही डॉक्टर घरी तीन दिवस लावायला मलम देतात. थेंबांनी बाहुली मोठी होते, ऊन खुपतं, जवळचं वाचता येत नाही. थेंबांचा असर बहुधा दिवसाभरात जातो, मलमाचा आठवडाभर, कधी जास्तही राहतो. म्हणून परीक्षेचा आठवडा टाळ, टोपी बरोबर ठेव. मलमानं चेहरा लाल झाला, अंग तापलं तर थांबव आणि लगेच डॉक्टरांना कळव. असर उतरल्यावर पुन्हा बोलावतात, मगच चष्मा लिहून देतात. तो हेलपाटा कंटाळून टाळू नकोस.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं, तेही बघतं. पण त्याची वाट बघत बसू नकोस.

सासूबाई म्हणतील, "पोरीच्या जातीला चष्मा कशाला, लावला की नंबर वाढतो." त्यांना शांतपणे सांग. उंची वाढते तसा डोळ्याचा गोलही लांबट होत जातो, म्हणून नंबर वाढतो. चष्मा घातला तरी आणि नाही घातला तरी. न घातल्यानं नंबर थांबत नाही, तेवढी वर्षं फळा मात्र दिसत नाही. रोज दोन तास तिला उजेडात बाहेर खेळू दे. ज्यांना अजून हा नंबर लागलेला नाही त्यांच्यात तो लागण्याची शक्यता त्यानं कमी होते, म्हणून धाकट्यालाही सोबत पाठव.

फ्रेम प्लॅस्टिकची घे, काच न फुटणारी घे. नाकावरून घसरली की पोर वरून बघते आणि सगळी मेहनत वाया जाते, तेव्हा दुकानातच तिला खाली वाकायला लाव, मान हलवायला लाव. बाईंना चिठ्ठीच्या मागे नंबर लिहून कळव आणि वर्गात चष्मा काढून ठेवत असेल तर सांगा म्हणावं. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला जाशील तेव्हा जुना कागद आणि चष्मा दोन्ही बरोबर ने, नंबर किती बदलला ते त्यावरूनच कळतं.