गर्डरचं वजन: ट्रकसाठी आणि क्रेनसाठी

प्रश्न : लालबागच्या आमच्या जुन्या चाळीच्या दुरुस्तीसाठी आयएसएमबी 250 चे सहा मीटरचे 24 गर्डर येणार आहेत. ट्रक आणि क्रेन ठरवण्यासाठी वजन कसं काढावं?

उत्तर : तक्त्यात आयएसएमबी 250 चं वजन मीटरला 37.3 किलो आहे. सहा मीटरचा एक गर्डर 223.8 किलो, म्हणजे 24 गर्डर साधारण 5,370 किलो. रोलिंगमधल्या फरकासाठी आणि प्लेट-बोल्टसाठी पाच टक्के वाढवून 5,640 धरा. ट्रकच्या आरसी बुकातल्या एकूण मान्य वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं, की उरतो तेवढाच माल चढतो.

माल उतरवताना सेक्शन तपासा. आयएसएलबी 250 चीही उंची 250 आणि फ्लँजची रुंदी 125 मिलिमीटरच असते, पण वजन मीटरला फक्त 27.9 किलो. फरक जाडीत दिसतो : एमबीचा फ्लँज सरासरी 12.5 मिलिमीटर, एलबीचा 8.2. वजनकाट्याच्या पावतीवर दीडेक टन कमी भरले, तर आधी हीच शंका घ्या.

क्रेनसाठी एका उचलीचं वजन बघा. पाच टक्के वाढ धरून चार गर्डरचे 940 किलो, त्यात स्लिंग, शॅकल आणि हूक ब्लॉकचे समजा 60, असे 1,000 किलो. क्रेनवर लिहिलेली टनक्षमता बूम जवळ असतानाची असते. गल्लीत गाडी शिरत नसल्याने क्रेन रस्त्यावर उभी राहिली, तर गर्डर ठेवायच्या जागेपर्यंतचं आडवं अंतर टेपने मोजा आणि लोड चार्टमध्ये त्या अंतरासमोरचा आकडा वाचा. तो 1,000 च्या आसपास असेल, तर दोन-दोन गर्डर उचला.